मॉनिटर उभा करून वाचताना: अक्षरं किती बसतात, कडा का रंगतात आणि मान का दुखते

२३.८ इंची साध्या मॉनिटरच्या पडद्याची अरुंद बाजू टेपने मोजली, तर ती २९.६ सेंटिमीटर भरते. ए-थ्री कागदाची रुंदी २९.७ सेंटिमीटर असते. त्यामुळे हा मॉनिटर उभा केला आणि ए-फोर आकाराची पीडीएफ पडद्याच्या रुंदीला बसवली, की ते पान जवळजवळ ए-थ्री होऊन समोर येतं. पानाची उंची होते ४२ सेंटिमीटर आणि पडदा उंच आहे साधारण ५३ सेंटिमीटर. म्हणजे अख्खं पान मावून वर टूलबारला पुरेल एवढी जागा उरते.

तेच पान आडव्या पडद्यावर पूर्ण दिसेल असं बसवून पाहा. पडद्याची उंची १०८० पिक्सेल, त्यातले शंभर-दीडशे टूलबार आणि टास्कबार खातात. उरलेल्या साडेनऊशे पिक्सेलमध्ये पान कोंबलं की १२ पॉइंटचं अक्षर जेमतेम साडेतेरा पिक्सेलचं होतं. उभ्या पडद्यावर तेच अक्षर जवळपास २२ पिक्सेलचं मिळतं. मॉनिटर तोच आणि पिक्सेलही तेवढेच, फक्त ते पानाच्या आकाराला जुळून आले.

फिरवणं तसं सोपं आहे. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये `Display orientation`, मॅकमध्ये डिस्प्लेमध्येच `Rotation`, आणि लिनक्सवर एक्स-इलेव्हन असेल तर ही एक ओळ:

```
xrandr --output DP-1 --rotate left
```

`DP-1` च्या जागी तुमच्या मॉनिटरचं नाव येईल, ते नुसतं `xrandr` चालवलं की दिसतं. इथला `left` म्हणजे चित्र डावीकडे वळवणं. मॉनिटर हाताने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला असेल तर हेच लागतं. चित्र उलटं आलं तर दुसरा पर्याय निवडायचा.

खरं काम सुरू होतं यानंतर. उभा मॉनिटर आठवडाभर वापरून पुन्हा आडवा करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि पहिल्या खेपेला मीही तेच केलं होतं. तीन गोष्टी बिघडलेल्या असतात: ओळीची रुंदी, अक्षरांच्या कडा आणि डोळ्यांची पातळी. त्या दुरुस्त केल्या नाहीत तर हा मॉनिटर त्रासच देतो.

रुंदीचा हिशेब

कोड वाचण्यासाठी उभा पडदा हवासा वाटतो तो उंचीमुळे. १४ पिक्सेलचा फाँट घेतला तर एक ओळ साधारण १९ पिक्सेल उंच होते. आडव्या पडद्यावर वरच्या-खालच्या पट्ट्या वजा जाता ४८ ओळी दिसतात, उभ्यावर ९३. सत्तर ओळींचं एखादं फंक्शन घ्या. आडव्या पडद्यावर त्याच्या सुरुवातीला जाहीर केलेला व्हेरिएबल आणि शेवटचा `return` कधीच एकत्र दिसत नाहीत. खाली गेलात की वरचं लक्षात ठेवावं लागतं, शंका आली की पुन्हा वर जायचं. उभ्या पडद्यावर ते फंक्शन सुरुवातीपासून शेवटापर्यंत नजरेसमोर असतं.

पण रुंदी निम्म्याच्या जवळ आलेली असते, आणि ती किती झपाट्याने संपते ते आधी लक्षात येत नाही. कोडच्या फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असते आणि बहुतेक फाँटांत ती उंचीच्या सुमारे ०.६ पट असते. म्हणजे १४ पिक्सेलच्या फाँटला ८.४ पिक्सेल. पडदा १०८० पिक्सेल रुंद, म्हणजे कागदावर १२८ अक्षरं. त्यातून ओळींचे आकडे, घड्या घालायची पट्टी आणि स्क्रोलबार मिळून ऐंशीएक पिक्सेल गेले की ११९ उरतात. इथवर छान आहे. आता डाव्या बाजूला फाइलींची यादी उघडी ठेवा, ३०० पिक्सेलची. उरली ८३ अक्षरं. उजव्या बाजूला कोडचा छोटा नकाशा चालू असेल तर तो आणखी शंभरेक पिक्सेल घेतो, आणि तुम्ही ७१ वर येता.

पहिल्या खेपेला माझं नेमकं हेच झालं होतं. यादी उघडी, नकाशा चालू, आणि ज्या प्रकल्पात ओळीची मर्यादा शंभर अक्षरांची होती त्याचा कोड मी ७१ अक्षरांच्या चिंचोळ्या बोळात वाचत होतो. दर तिसरी-चौथी ओळ मोडून खाली येत होती. दोष मॉनिटरचा नव्हता, आडव्या पडद्यासाठी मांडलेली खिडकी मी जशीच्या तशी उभी केली होती.

उभ्या पडद्यावर नकाशाची गरजच राहत नाही, कारण फाइलचा मोठा भाग तसाही दिसत असतो. तो बंद करा. फाइलींची यादी लागेल तेव्हा `Ctrl+B` ने आणा, काम झालं की घालवा. व्हीएस कोड वापरत असाल तर एवढ्या ओळी पुरतात:

```json
"editor.minimap.enabled": false,
"editor.rulers": [100],
"editor.wordWrap": "bounded",
"editor.wordWrapColumn": 100,
"diffEditor.renderSideBySide": false
```

`bounded` चा अर्थ असा की ओळ शंभर अक्षरांवर मोडेल, आणि खिडकी त्याहून अरुंद असेल तर खिडकीच्या कडेला मोडेल. शेवटची ओळ महत्त्वाची आहे. जुना आणि नवा कोड शेजारी-शेजारी ठेवून बदल पाहायची सवय असेल, तर उभ्या पडद्यावर प्रत्येक बाजूला साठच्या आसपासच अक्षरं येतात आणि सगळा मजकूर तुकड्यातुकड्यांत दिसतो. बदल एकाखाली एक पाहायचे. सुरुवातीला हात अडखळतो, पण उंची भरपूर असल्यामुळे सवय लवकर होते. या सेटिंगमुळे दुसऱ्या, आडव्या मॉनिटरवरची खिडकी बिघडत असेल तर उभ्या पडद्यासाठी वेगळं प्रोफाइल करून ठेवा.

ब्राउझरचंही असंच. १०८० पिक्सेल रुंदीत बहुतेक पानं नीट दिसतात, पण अक्षर मोठं करायला झूम १२५ टक्के केलंत की पानाला ८६४ पिक्सेलच मिळतात, आणि अनेक पानं एवढ्या रुंदीला टॅबलेटचा अवतार धारण करतात: बाजूची अनुक्रमणिका गायब होऊन एका बटणात जाते. दस्तऐवज वाचताना तीच तर हवी असते. अशा वेळी झूम ११० वर आणा, किंवा ब्राउझरचा वाचन-मोड वापरा.

नवा मॉनिटर घेणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: १६:१० प्रमाणाचा २४ इंची मिळाला तर तो घ्या. उभा केल्यावर त्याची रुंदी १२०० पिक्सेल आणि ३२ सेंटिमीटरच्या पुढे भरते, आणि उंची साध्या २३.८ इंचीपेक्षा किंचित कमीच असते. वाचणाऱ्याला पाहिजे ते नेमकं हेच.

काना लालसर का दिसतो

उभ्या पडद्यावर अक्षरं जरा घाणेरडी दिसतात, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते, पण कारण सांगता येत नाही. कारण पिक्सेलच्या आत आहे. मोबाइलचा कॅमेरा पडद्याच्या अगदी जवळ नेऊन एखाद्या पांढऱ्या जागेचा फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. नेहमीच्या एलसीडी पॅनेलमध्ये प्रत्येक पिक्सेल म्हणजे शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या तीन काड्या दिसतील: लाल, हिरवी, निळी.

विंडोजचं क्लिअरटाइप आणि लिनक्समधली तशीच सोय या काड्यांचा फायदा घेते. अक्षराची कड पिक्सेलच्या मध्येच कुठे तरी येत असेल, तर अख्खा पिक्सेल करडा करण्याऐवजी त्यातली एखादीच काडी कमी-जास्त उजळायची. आडव्या दिशेने जणू तिप्पट बारीक पिक्सेल मिळतात आणि अक्षर कोरीव दिसतं. हे जमतं, कारण काड्या कुठल्या क्रमाने लागल्या आहेत ते प्रोग्रामने गृहीत धरलेलं असतं.

मॉनिटर फिरवला की त्याच काड्या आडव्या होऊन एकीवर एक येतात. पण अक्षर रंगवणारा प्रोग्राम त्या अजून शेजारी-शेजारीच आहेत असं मानून चालत असेल, तर त्याने काढलेली बारीक कड चुकीच्या जागी पडते. मग उभ्या रेघेच्या एका बाजूला तांबूस आणि दुसऱ्या बाजूला निळसर झाक दिसते. देवनागरीत हे इंग्रजीपेक्षा लवकर नजरेत येतं, कारण आपल्या लिपीत काना आणि अक्षरांचे दांडे पावलोपावली आहेत. `बाराखडी` हा एक शब्द काळ्यावर पांढरा मोठा करून पाहा. शिरोरेषा स्वच्छ आणि कान्याला मात्र रंगाची किनार, असं दिसलं तर निदान झालं.

उपाय प्रत्येक ठिकाणी वेगळा. विंडोजमध्ये `cttune` चालवा. एकाहून जास्त मॉनिटर असतील तर कोणता जुळवायचा ते तो विचारतो. उभा मॉनिटर निवडा आणि येणाऱ्या नमुन्यांतून सर्वांत ठसठशीत नव्हे, तर सर्वांत कमी रंगीत दिसणारा नमुना घ्या. लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपमध्ये फाँटच्या सेटिंगमध्ये काड्यांचा क्रम उभा आहे असं सांगायची सोय आहे. मॉनिटर घड्याळाच्या दिशेने फिरवला असेल तर आधीची डावी बाजू वर येते, म्हणजे लाल काडी वर. तेव्हा उभा आरजीबी निवडायचा, उलट फिरवला असेल तर उभा बीजीआर. मात्र ही निवड सगळ्या पडद्यांना एकदमच लागू होते. शेजारी आडवा मॉनिटर असेल तर एकाचं सुधारताना दुसऱ्याचं बिघडेल. त्यापेक्षा काड्यांचा खेळ सोडून सरळ करड्या छटांवर यावं. नोम डेस्कटॉपवर त्यासाठी:

```
gsettings set org.gnome.desktop.interface font-antialiasing grayscale
```

मॅकवर ही अडचण येत नाही, कारण २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून त्यांनी ही पद्धत मुळातच सोडून दिली.

करड्या छटांत अक्षर थोडं मऊ दिसतं, हे खरं आहे. २३.८ इंची १०८० पडद्यात एका इंचात सुमारे ९३ पिक्सेल असतात, आणि एवढ्या विरळ जाळीत तो मऊपणा जाणवतो. फाँट एक-दोन पिक्सेल मोठा केला, आणि अगदी बारीक रेघांच्या फाँटऐवजी मध्यम जाडीचा घेतला, की बराचसा जातो. २७ इंची फोर-के मॉनिटरमध्ये एका इंचात १६३ पिक्सेल असतात, तिथे किनार आणि मऊपणा दोन्ही शोधूनच काढावे लागतात.

याच ओघात पॅनेलबद्दलही सांगायला हवं, कारण त्यावर कुठलंही सेटिंग चालत नाही. जुन्या आणि स्वस्त मॉनिटरमध्ये बऱ्याचदा टीएन पॅनेल असतं. त्याचा स्वभाव असा की डावीकडून-उजवीकडून पाहिलं तर फारसं बिघडत नाही, पण वरून किंवा खालून पाहिलं की रंग आणि उजेड झपाट्याने बदलतात. उभं केल्यावर हा वरचा-खालचा दोष डाव्या-उजव्या बाजूंना येतो. आपल्या दोन डोळ्यांमध्ये सहाएक सेंटिमीटरचं अंतर असतं. तेवढ्याशा फरकानेही प्रत्येक डोळ्याला एकाच जागेचा उजेड वेगळा दिसतो. फिकट करड्या पानाकडे पाहत एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा. पान उजळ-मंद होत असेल तर तो मॉनिटर वाचनासाठी उभा करू नका. तासाभरात डोळे शिणतात आणि कारण उमगत नाही. फिरवण्याआधीही हे तपासता येतं: आडवा असतानाच खाली बसून पडद्याकडे वर पाहा. चित्र काळवंडलं तर टीएन आहे असं समजा. आयपीएस पॅनेल असेल तर ही काळजी नको.

उंची

मान दुखते ती इथे. बसल्या जागी माझे डोळे टेबलापासून ४७ सेंटिमीटरवर असतात, तुमचे टेपने मोजून घ्या. पडदा ५३ सेंटिमीटर उंच. मॉनिटर अगदी खाली आणून टेबलापासून तीन सेंटिमीटरवर ठेवला, तरी वरची कड ५६ वर जाते, म्हणजे डोळ्यांच्या ९ सेंटिमीटर वर. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा जरा खाली असावी, हा नेहमीचा नियम इथे पाळताच येत नाही. २७ इंची तर उभा केल्यावर जवळपास ६० सेंटिमीटर उंच होतो. म्हणून एवढ्यासाठीच २७ इंची घ्यायचा मी तरी सल्ला देणार नाही.

त्रास कसा ओळखायचा? कोणाला तरी बाजूने तुमचा फोटो काढायला सांगा, तुम्ही वाचनात गुंतलेले असताना, न कळवता. हनुवटी वर उचललेली दिसली तर पडदा उंच आहे. संध्याकाळी कवटीच्या खाली, मानेच्या वरच्या टोकाला ठणका लागतो तो यामुळेच. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असणाऱ्यांना हे जास्त जाणवतं, कारण जवळचं वाचायची काच खालच्या भागात असते आणि वरचा मजकूर त्या काचेतून पाहायला डोकं मागे झुकवावं लागतं.

पहिला उपाय म्हणजे पडदा जमेल तितका खाली आणणं, आणि त्याची वरची कड थोडी मागे झुकवणं, म्हणजे वरचा आणि खालचा भाग डोळ्यांपासून साधारण सारख्या अंतरावर येतात. दुसरा उपाय मला जास्त मोलाचा वाटतो: वाचायची खिडकी पडद्याभर पसरवू नका. वरचा साधारण पाव भाग अशा गोष्टीला द्या जिच्याकडे क्वचित पाहायचं असतं, जसं बिल्डचा लॉग किंवा चालू असलेला टर्मिनल. कोड किंवा दस्तऐवज खालच्या तीन-चतुर्थांशात ठेवा. तरीही ६८-७० ओळी मिळतात आणि मान सरळ राहते. विंडोजमध्ये पॉवरटॉइजमधल्या फॅन्सीझोन्सने ही वाटणी एकदा आखून ठेवता येते.

स्टँडबद्दल थोडक्यात. फिरणारा स्टँड असेल तर आधी मॉनिटर पूर्ण वर घ्या, जरा मागे झुकवा आणि मग फिरवा, नाहीतर कोपरा टेबलावर आपटतो. स्टँड फिरणारा नसेल तर मॉनिटरच्या पाठीवरची चार भोकं बघा. ती बहुतेक वेळा ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनात असतात. चारही बाजू सारख्या असल्यामुळे मॉनिटर ९० अंशांत वळवून तेच स्क्रू त्याच आर्मवर बसतात. स्क्रू एम-फोर मापाचे लागतात. तो हाताने सहज जाईनासा झाला तर जोर लावू नका, लांब स्क्रू आतल्या भागाला टेकतो. आधी खाली तोंड असलेली केबलची सॉकेटं आता बाजूला वळतात, तेव्हा ती शेजारच्या मॉनिटरपासून दूरच्या बाजूला येतील अशा दिशेने फिरवा आणि केबलला सैल वळसा ठेवा. ताणलेली केबल महिन्याभरात मध्येच पडदा काळा करायला लागते.

शेजारी आडवा मॉनिटर असेल तर माऊस एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना कडेला अडकतो, कारण एक पडदा १०८० पिक्सेल उंच आणि दुसरा १९२०. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये दोन चौकोन दिसतात. त्यांतला उभा चौकोन वर-खाली सरकवून प्रत्यक्ष टेबलावर जसे ते दिसतात तसे लावा. उभ्याचा जो भाग आडव्याच्या वर किंवा खाली उरतो तिथून माऊस पलीकडे जाईलच असं नाही, ते गृहीत धरायचं.

एक गोष्ट मात्र कितीही जुळवलं तरी थोडी राहते. पडदा वरून खाली एकेक ओळ करून रंगवला जातो. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एका फेरीला १६.७ मिलिसेकंद लागतात. उभा केल्यावर ही फेरी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाते. तुम्ही सेकंदाला हजार पिक्सेल वेगाने मजकूर सरकवत असाल तर डावी कड आणि उजवी कड यांच्यात सुमारे १७ पिक्सेलचा फरक पडतो. नजर मजकुराबरोबर सरकत असेल तर ओळी किंचित तिरक्या, जेलीसारख्या हलताना दिसतात. थांबलं की सरळ होतात. १२० हर्ट्झला हा फरक निम्म्यावर येतो. ६० वरच असाल तर लांब दस्तऐवजात माऊसचं चाक फिरवत बसण्याऐवजी `Page Down` वापरा. त्याने पान एकदम पुढे येतं, आणि उभ्या पडद्यावर एका झेपेत पानभर मजकूर मिळत असल्याने ते कमी वेळाच दाबावं लागतं.